लिनोवर अक्षरं कोरताना: उलटापालटीचा हिशेब आणि बारीक सेरिफ

दिवाळीच्या आधी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या ओळखीच्या एका वहिनींनी हळदीच्या पुड्यांसाठी हातानं छापलेलं लेबल मागितलं. वर देवनागरीत 'सांगली हळद' आणि खाली रोमन लिपीत नुसतं गावाचं नाव, तेही सेरिफच्या अक्षरांत. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असतात ते बारीक आडवे पाय. वर्तमानपत्रांच्या जुन्या मथळ्यांत ते ठळक दिसतात. ठोकळा लिनोचा, म्हणजे कोरून छापायला वापरतात त्या लिनोलियमच्या तुकड्याचा, दहा बाय सात सेंटिमीटरचा, देवनागरी अक्षरं पंधरा मिलिमीटर उंच, रोमन अक्षरं नऊ मिलिमीटर. काम छोटंच होतं, पण पहिला ठोकळा मी वाया घालवला. त्या चुकीपासूनच सुरुवात करते, कारण अक्षरं कोरणारा प्रत्येक जण एकदा तरी ती करतोच.

मी मजकूर संगणकावर उलटा केला, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली, ती लिनोवर पालथी ठेवून शाई उतरवली आणि तीन संध्याकाळी बसून निवांत कोरलं. वाचायला फार सोपं जात होतं, आणि शंका तिथंच यायला हवी होती. छापून बघितलं तर 'सांगली हळद' आरशातली.

किती वेळा उलटतंय ते मोजा

हिशेब सोपा आहे. मूळ मजकुरापासून छापलेल्या कागदापर्यंत मजकूर जितक्या वेळा उलटतो तो आकडा सम हवा. ठोकळ्यावरून कागदावर छापताना एकदा उलटतो, तो टाळता येत नाही. म्हणजे त्याआधी तो एकदाच उलटला पाहिजे, जास्त नाही आणि कमी नाही. संगणकावर उलटा करणं ही एक उलट. कागद पालथा ठेवून शाई किंवा पेन्सिल उतरवणं ही दुसरी. दोन्ही केल्या की त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि ठोकळ्यावर मजकूर सुलटा बसतो. माझं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून कागद पालथा ठेवणार असाल तर प्रिंट सुलटीच काढा. कागद उताणा ठेवून खाली कार्बन पेपर घालून गिरवणार असाल, किंवा कागदच ठोकळ्यावर उताणा चिकटवून त्यावरून कोरणार असाल, तर मात्र तो आधी उलटा करून घ्यावा लागतो. जपानी कारागीर पातळ कागदावर सुलटं लिहितात, तो लाकडावर पालथा चिकटवतात आणि मागून आरपार दिसणारी अक्षरं कोरतात. तिथंही उलट एकदाच होते.

मी हल्ली ट्रेसिंग पेपर वापरते. अक्षरं मऊ पेन्सिलीनं, चार बी असली तर उत्तम, त्यावर सुलटी काढायची. मग कागद पालथा ठेवायचा, दोन कडा चिकटपट्टीनं पक्क्या करायच्या आणि चमच्याच्या पाठीनं घासायचं. घासताना एक कोपरा उचलून उतरलंय का ते बघता येतं. उतरलेली पेन्सिल हाताच्या घामानं पुसते, म्हणून बारीक टोकाच्या पक्क्या पेनानं लगेच गिरवून घ्यायची.

झेरॉक्सवरून उतरवायचं तर कापसावर थोडंसं ॲसिटोन घेऊन कागदाच्या पाठीवर टेकवायचं आणि लगेच चमच्यानं घासायचं. प्रिंट टोनरची, म्हणजे लेझरची किंवा झेरॉक्सची हवी. शाईच्या प्रिंटरची नीट उतरत नाही. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस पेटता नको, ॲसिटोनची वाफ पटकन पेट घेते. हल्ली मिळणाऱ्या मऊ रबरी किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर ॲसिटोन लावू नका, पृष्ठभाग विरघळून चिकट होतो. खऱ्या लिनोवरही आधी एका कोपऱ्यात बघून घ्यावं.

उतरवलं की कोरण्याआधी ठोकळ्यासमोर आरसा धरा. आरशात सुलटं वाचता आलं तरच कटर हातात घ्या. आता माझ्या टेबलावर पावडरच्या डबीचा आरसा कायम असतो.

उलटी देवनागरी फसवते कशी

रोमनमध्ये ए आणि आय ही अक्षरं आरशातही तशीच दिसतात, त्यामुळं उलटं कोरताना ती धोक्याची सूचना देत नाहीत. एस आणि एन फसवतात. एन उलटा कोरायचा असतो, पण डोळ्याला ओळखीचा एन हवा असतो, मग तिरपी रेघ चुकीच्या बाजूला झुकते.

देवनागरीत सगळ्यात वाईट वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी आरशात दीर्घासारखी दिसते आणि दीर्घ ऱ्हस्वासारखी. 'सांगली'तली 'ली' ठोकळ्यावर ऱ्हस्व दिसते, आणि आपण शाळेत शिकलेले, त्यामुळं ती 'दुरुस्त' करायला हात शिवशिवतो. करू नका. कोरताना वाचायचं नाही, फक्त रेघेच्या कडेकडं बघायचं.

माझे मामा एका छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे जुळवायचे. मी ठोकळा डोळ्यांसमोर उलटसुलट करत बसले होते तेव्हा ते म्हणाले, "अगं, उजवीकडनं डावीकडं कशाला वाचत बसलीस? खालचं वर कर की." ठोकळा अर्धा फिरवला की ओळ डावीकडून उजवीकडं वाचता येते, फक्त अक्षरं डोक्यावर उभी असतात. जुळारी खिळे असेच वाचायचे. चार-पाच दिवसांत डोळ्याला सवय होते आणि राहिलेला अनुस्वार किंवा चुकलेला काना लगेच दिसतो.

कोरण्याआधी सेरिफ जाड करून घ्या

लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा आणि लाकडाचा भुगा यांचं घट्ट मिश्रण, मागं तागाचं कापड. जाडी साधारण तीन मिलिमीटर. त्यात लाकडासारखे रेषे नाहीत, त्यामुळं कुठल्याही दिशेला सारखं कापलं जातं. पण रेषे नाहीत म्हणूनच बारीक रेघेला आतून आधारही नाही. धागा नसलेली रेघ बिस्किटाच्या कडेसारखी तुटते.

संगणकावरच्या टाइपचे सेरिफ नऊ मिलिमीटरच्या अक्षरात केसाएवढे येतात. ते तसेच कोरायला जाऊ नका. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक काहीही माझ्या हातून लिनोवर टिकलेलं नाही, आणि हे हाताच्या कौशल्याबद्दल नाही, मालाबद्दल आहे. मी सेरिफ सहा-सात दशांश मिलिमीटरचे काढले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेरिफ जिथं उभ्या दांड्याला मिळतो तिथला काटकोन भरून छोटा गोल कोनाडा केला. झाडाचं खोड जमिनीजवळ पसरतं तसा. सेरिफ मोडतो तो टोकाला नाही, या सांध्यात. सपाट काटकोनी सेरिफचा टाइप आवडला असेल तर लिनोसाठी दुसरा निवडावा, हे माझं स्पष्ट मत.

दबावानं शाई थोडी पसरते, त्यामुळं छापल्यावर रेघ कोरल्याहून किंचित जाडच दिसते. म्हणून आत्ता बारीक करण्याची घाई नको. पहिल्यांदा जाड ठेवायचं, छाप बघायचा, मग गरज असेल तिथं तासायचं. कापलेलं परत जोडता येत नाही.

देवनागरीत सेरिफ नसले तरी त्यांचे भाऊबंद आहेत. बोरूच्या वळणाची अक्षरं असतील तर 'स'चा दांड्याला जोडणारा तिरपा सांधा, 'ली'वरच्या वेलांटीचं वळण, 'द'ची शेपटी आणि 'ळ'च्या दोन पाकळ्यांमधला सांधा, या चारही जागा केसाएवढ्या होतात. त्याही थोड्या भरून घ्यायच्या. अनुस्वार तर चहूबाजूंनी सुटलेलं बेटच.

ऊन, धार आणि चुरा

डिसेंबरच्या सकाळी सांगलीत लिनो कडक होतो आणि कटरपुढं चुरा होऊन पडतो. पाच-दहा मिनिटं उन्हात ठेवला की मऊ पडतो. पण उन्हातून आणल्या आणल्या सेरिफला हात घालू नका, गरम लिनोची कड कापली जात नाही, ओढली जाते. गरम असताना मोकळी जागा काढून टाकायची आणि गार झाल्यावर बारीक काम करायचं. एप्रिल-मे महिन्यात मी बारीक काम सकाळीच उरकते.

धार बरोबर आहे का हे कोरून निघणारा माल सांगतो. सलग वळलेली साल निघाली तर सगळं ठीक. चुरा पडायला लागला तर कटर बोथट, लिनो गार किंवा लिनोच जुना. जुन्या लिनोचा कोपरा हलकेच वाकवला की तडा जातो, असा तुकडा अक्षरांसाठी घेऊ नये. लिनो धार लवकर खातो. मी चामड्याच्या तुकड्याला पॉलिश लावून ठेवलंय, दर पंधरा-वीस मिनिटांनी कटर त्यावर मागं ओढते. हे टाळलं की सेरिफ मोडलाच समजा, कारण बोथट कटरला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला हात वेळेवर थांबत नाही.

बंधाऱ्यासारखी भिंत

कोरलेल्या रेघेची भिंत खाली रुंद आणि वर अरुंद हवी, शेताच्या बांधासारखी. त्यासाठी चाकूची मूठ अक्षराच्या बाजूला कलली पाहिजे, म्हणजे पात्याचं टोक खाली जाताना अक्षरापासून दूर सरकतं. पहिल्यांदा हे उलटंच होतं. टोक अक्षराखाली शिरतं, वरून रेघ सुंदर दिसते, पण ती खालून पोखरलेली असते. पाच-सहा छाप निघतात आणि मग चमच्याच्या दाबानं सेरिफ शाईला चिकटून निघून येतो. ठोकळा नजरेच्या पातळीवर तिरपा धरून उजेडात बघा. भिंतीचा उतार दिसला तर ठीक. भिंत दिसतच नसेल, नुसती कड दिसत असेल, तर खाली पोकळी आहे.

खोलीही सगळीकडं सारखी नको. अक्षराच्या आतली छोटी पोकळी अर्धा मिलिमीटर खोल असली तरी पुरते, कारण रोलर तिथं वाकून खाली पोचत नाही. बाहेरची मोकळी जागा जितकी रुंद तितकी खोल काढावी लागते. सेरिफच्या अगदी शेजारी खोल खणलं की त्याचा पाया गेला.

एक एन, पायरी पायरीनं

सहा रोमन अक्षरांत एन सगळ्यात नाजूक. जुन्या वळणाच्या टाइपमध्ये त्याचे उभे दांडे बारीक असतात आणि तिरपी रेघ जाड, म्हणजे सेरिफच्या जोडीला दांडेही नाजूक. हे अक्षर जमलं तर बाकीची जमतात.

आधी आतले दोन त्रिकोण. बाहेरचा लिनो अजून जागेवर असतो, त्यामुळं बारीक दांड्याला एका बाजूनं भक्कम आधार असतो. चाकूचं टोक त्रिकोणाच्या अरुंद कोपऱ्यात टेकवायचं आणि तिथून रुंद बाजूकडं ओढायचं. उलट दिशेनं गेलात तर टोक कोपरा ओलांडून दांड्यात घुसतं. दोन्ही बाजूंनी चाकू फिरला की मधली चकती टोकानं उचलायची. या कोपऱ्यात गोल कटर घालू नका, तो मावत नाही आणि दांडा फाडतो.

मग सेरिफची आतली बाजू, म्हणजे तो गोल कोनाडा. इथं दिशा फार महत्त्वाची. चाकू सेरिफच्या टोकापासून सुरू करून दांड्याकडं आणायचा. असं केलं की जोर जाड भागात जातो. दांड्याकडून टोकाकडं गेलात तर शेवटच्या क्षणी सगळा जोर त्या अर्ध्या मिलिमीटरवर येतो आणि टोक उडतं. वळण घेताना हात वळवायचा नाही, ठोकळा फिरवायचा.

त्यानंतर दांड्याची बाहेरची बाजू. आता दांड्याला दुसऱ्या बाजूनं आधार उरलेला नाही, म्हणून एका दमात खोल जायचं नाही. तीन हलके हात मारायचे. कटरनं बाहेरचा लिनो काढण्याआधी सेरिफच्या टोकापुढं चाकूनं एक आडवा थांबा कापून ठेवायचा. कटर घसरला तरी त्या चिरेशी येऊन थांबतो. कटर नेहमी अक्षरापासून दूर चालवायचा आणि दुसरा हात पात्याच्या मागं ठेवायचा. माझ्या डाव्या अंगठ्यावरची खूण हे न पाळल्याची आहे.

सेरिफची खालची सरळ कड मी सगळ्यात शेवटी आणि सगळ्या ओळीची एकदम कापते. तोपर्यंत सगळे पाय एकाच भक्कम पट्टीवर उभे असतात. शेवटी स्टीलची पट्टी लावून सहाही अक्षरांखालून एक सलग चीर द्यायची, तशीच वरूनही. ओळही सरळ राहते. देवनागरीत हीच गोष्ट शिरोरेषेच्या वरच्या कडेची, फक्त वेलांटी आणि अनुस्वारापाशी पट्टी उचलायला विसरू नका. एकदा सपकन चीर देऊन मी 'सां'चा अनुस्वार अर्धा केलाय.

'ळ'साठीही क्रम हाच. आधी दोन पाकळ्यांमधल्या पोकळ्या, मग मधला सांधा, बाहेरची बाजू शेवटी. अनुस्वाराभोवती उतार जास्त पसरट ठेवायचा, डोंगरासारखा.

शाई लावण्याआधीचा छाप

कोरून झालं की लगेच शाई लावू नका. ठोकळ्यावर पातळ कागद ठेवून मेणाचा खडू आडवा धरून हलकेच घासा. अक्षरं उमटतात, उलटी, पण रेघ कुठं जाड राहिली आणि कुठं कचरा उरलाय ते कळतं. मी ही पायरी दोनदा करते, मधे थोडं तासून.

शाई मी ऑफसेटची घेते, ओळखीच्या छापखान्यातून डब्याच्या तळाची. ती घट्ट असते, थेंबभर जवसाचं तेल घालून काचेवर रोलरनं पसरते. थर पातळ हवा. रोलर फिरताना रेशमी कापड चोळल्यासारखा बारीक आवाज यायला हवा. चिकट, चटचट आवाज आला तर शाई जास्त झाली, ती पोकळ्यांत उतरून सेरिफ बुजवणार. रोलर कडक असावा. मऊ रोलर सेरिफच्या बाजूनं खाली वाकतो आणि भिंतीला शाई लावतो, मग प्रत्येक अक्षराभोवती सावली उमटते.

कागद गुळगुळीत हवा. जाड्याभरड्या हातकागदावर बारीक सेरिफ तुटक येतात आणि ते भरण्यासाठी आपण जोर वाढवतो, तिथंच मोडतोड होते. सुटलेल्या बारीक रेघेवर चमच्याचा दाब एकवटतो, म्हणून मी ठोकळ्याच्या चारही बाजूंना त्याच लिनोच्या पट्ट्या लावते आणि कागदावर एक कडक पुठ्ठा ठेवून मग घासते. दाब पट्ट्यांवरही वाटला जातो. वर मऊ वर्तमानपत्रांची गादी नको, ती कागदाला खाली दाबून सेरिफच्या कडा गोल करते.

मोडलाच तर

लिनोत मोडलेला सेरिफ चिकटवून टिकत नाही, निदान शंभर छापांपर्यंत तरी नाही. मी दोनच गोष्टी करते. बाकीचे सेरिफ त्या मापाला आणून अक्षराचं वळणच थोडं बदलते, किंवा तेवढं अक्षर चौकोनी कापून काढते, खाली प्लायवूड असेल तर त्या खड्ड्यात नव्या लिनोचा तुकडा त्याच उंचीवर चिकटवते आणि पुन्हा कोरते. वहिनींच्या ठोकळ्यातला जी असाच नंतर बसवलेला आहे. उंची कागदाएवढी जरी कमी पडली तरी अक्षर फिकट उमटतं, तेव्हा खाली कागदाचा तुकडा घालून बरोबर करावी लागते.

लाकूड घ्यायचं असेल तर

दोनशे पुड्या संपल्यावर वहिनींना वर्षभर पुरेल असा ठोकळा हवा होता, म्हणून लाकडाकडं वळले. त्यासाठी मिरजेला एका सतारमेकरांकडं गेले. नक्षी कोरायची त्यांची हत्यारं बघून माझ्या कटरची लाज वाटली. मिरजेत अक्षरं कोरून छापणं जुनंच. १८०५ साली इथंच तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली. सगळे श्लोक उलटे कोरणाऱ्या त्या तांबटाला वेलांट्यांनी किती छळलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

लाकडाचं गणित रेष्यांचं आहे. रेष्याच्या दिशेनं जाणारी बारीक रेघ टिकते, रेष्याला आडवी जाणारी तुकडे होऊन गळते. म्हणून ठोकळा असा घ्यायचा की त्यातल्या सगळ्यात बारीक रेघा रेष्याच्या दिशेनं येतील. रोमन सेरिफ आडवे असतात, तेव्हा रेषेही आडवे. जाड उभे दांडे रेष्याला छेदून गेले तरी त्यांचं वजन त्यांना सांभाळतं. चिनी छापील अक्षरांत आडव्या रेघा बारीक आणि उभ्या जाड असतात, त्यामागंही लाकडाचे आडवे रेषेच असल्याचं सांगतात. देवनागरीला हे सोयीचं आहे, शिरोरेषा आपोआप रेष्यावर पडते. अडचण येते ती बारीक उभ्या रेघांची, म्हणून एनचे दोन्ही दांडे मी लाकडात आणखी जाड केले.

सागवान टाळा, त्याची छिद्रं मोठी असतात आणि सेरिफच्या मधोमध एखादं आलं तर तिथं रेघ तुटकच उमटते. बारीक, एकसारख्या पोताचं लाकूड हवं. मी शिवण घेतलं. लाकडात सेरिफचं टोक उडालं तर ते सापडेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. पातळ सुपरग्लूचा एक थेंब टाचणीच्या टोकानं लावून ते लगेच बसवलं की बऱ्याचदा टिकतं. लिनोला ही सवलत नाही.

छापून झालं की ठोकळा खाण्याच्या तेलाचा हात लावलेल्या कापडानं पुसायचा, मग कोरड्यानं. ब्रश घासायचा नाही, कोपऱ्यातली शाई निघण्याच्या नादात सेरिफ निघतात. लिनो पाण्यात भिजवू नका, मागचं तागाचं कापड ओढलं जाऊन ठोकळा वाकतो. ठेवताना अक्षरांवर अक्षरं नकोत. मी माझे ठोकळे साडीच्या खोक्यात ठेवते, मधे बटर पेपर घालून.